बोला, कुठं?

एसटी स्टँडातून बाहेर पडली की कंडक्टर पुढच्या सीटपासून तिकिटं फाडायला सुरुवात करतो. क्वचितच कुणाला तो ‘नमस्कार’ म्हणतो. “बोला काका, कुठं?”, “ताई, किती जण?”, “मावशी, आत सरका, दार मोकळं करा” हेच त्याचं स्वागत. समोरच्याचं वय पाहून काका, मावशी, आजी, दादा असं नातं तो जोडतो आणि लगेच कामाचं विचारतो. पुढचा थांबा येण्याआधी त्याला सगळी गाडी उरकायची असते.

अशा स्वागताला शोभणारं उत्तर म्हणजे नेमकं उत्तर. समजा, स्वारगेटहून वाईला एक बाई, तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि सत्तर वर्षांची सासू निघाल्या आहेत. “तीन वाई” एवढंच सांगितलं, तर कंडक्टरला एकेक गोष्ट विचारत बसावं लागतं. त्याऐवजी, “मास्तर, वाई द्या. एक ज्येष्ठ, एक महिला, एक हाफ,” असं सांगून आजींचं आधार कार्ड पुढे धरलं की काम एका दमात होतं. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, तर पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना हाफ लागतं. सवलत आधीच सांगायला हवी, कारण मशीनमधून तिकीट निघालं की त्याचा हिशेब कंडक्टरला डेपोत द्यावा लागतो.

‘मास्तर’ हे संबोधन खेड्यापाड्यांत अजून ऐकू येतं. ‘दादा’ किंवा ‘कंडक्टर साहेब’ही चालतं, महिला कंडक्टरला ‘ताई’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात. “ए कंडक्टर” अशी हाक मात्र खटकते, आणि कानाला फोन लावून नुसती नोट पुढे करणंही.

खरी कसोटी सुट्ट्या पैशांची. सुट्टे नसले की कंडक्टर उरलेली रक्कम तिकिटाच्या मागे लिहून देतो. ते तिकीट जपून ठेवावं आणि उतरण्याच्या थोडं आधी दाखवावं: “मास्तर, माझे वीस राहिलेत, बघता का?” दारात उभं राहून आवाज चढवला, तर तो पैसे मोजेपर्यंत सगळी गाडी खोळंबते.

रिक्षात क्रम उलटा असतो, पहिला शब्द प्रवाशाचा. “दादा, डेक्कनला येणार का?” असं विचारलं की चालक मान हलवतो किंवा “बसा” म्हणतो. नकार आला तर “बरं” म्हणून पुढच्या रिक्षाकडे जाणारे अनेक जण आहेत. मात्र विनाकारण भाडं नाकारल्याची तक्रार आरटीओकडे करता येते. बसल्यावर “मीटर टाका ना दादा,” म्हणणं हक्काचंच आहे. उतरायचं ठिकाण चौक येण्याआधी सांगावं, म्हणजे चालकाला रिक्षा कडेला घेता येते.

उतरताना “धन्यवाद” म्हणणारे आता शहरांत भेटतात. गावाकडे “चला मास्तर, येतो” म्हटलं जातं. कंडक्टर “या” म्हणतो आणि दोन घंट्या देतो.