‘कीबोर्ड चुकीचा आला’ एवढंच लिहून भागत नाही

हिशेबाचं काम घरून करणाऱ्या ओळखीच्या एका बाईंनी नवा कीबोर्ड ऑनलाइन मागवला. भारतात सगळीकडे असतो तो अमेरिकी मांडणीचा, फोटोतही तोच दिसत होता. आलेल्या कीबोर्डवर सगळी बटणं चालत होती, अक्षरंही बरोबर उमटत होती. पण ईमेलचा पत्ता लिहायला घेतला तर @ कुठल्याच बटणावर छापलेलं नव्हतं आणि दुहेरी अवतरणचिन्ह मात्र दोन ठिकाणी होतं: एकदा 2 वर, एकदा Enter च्या डावीकडच्या बटणावर. त्यांनी विक्रेत्याला लिहिलं, ‘कीबोर्ड चुकीचा आहे, बदलून द्या.’ उत्तर आलं, ‘कॉम्प्युटरचं भाषेचं सेटिंग बदला.’

हे उत्तर सरसकट खोटं नाही, म्हणूनच माणूस गोंधळतो. कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही. कितव्या जागेचं बटण दाबलं, एवढाच क्रमांक पाठवतो. त्या जागेचा अर्थ काय, ते कॉम्प्युटरमधलं सेटिंग ठरवतं. बटणावरची छपाई ही निव्वळ छपाई. अमेरिकी सेटिंगमध्ये Shift आणि 2 दाबलं की @ येतं, ब्रिटिश सेटिंगमध्ये तिथेच अवतरणचिन्ह येतं आणि @ जातं Enter जवळच्या बटणावर. आलेला कीबोर्ड पूर्ण ब्रिटिश छपाईचा असता, तर सेटिंग बदलून छपाई आणि अक्षर जुळलं असतं.

इथे तसं होणार नव्हतं. बाईंनी दोन्ही सेटिंग लावून पाहिली. English (United States) ठेवलं तर 2 चं बटण छापल्याप्रमाणे वागत नाही. English (United Kingdom) ठेवलं तर Enter जवळचं बटण छापल्याप्रमाणे वागत नाही. कुठलंही सेटिंग घ्या, एक बटण चुकीचंच राहतं. याचा अर्थ दोन वेगवेगळ्या संचांतली बटणं एकाच कीबोर्डवर बसवली गेली होती. तक्रारीत हाच पुरावा सगळ्यात पक्का, कारण ‘सेटिंग बदला’ या उत्तराला त्यापुढे जागाच उरत नाही.

दुसरा पुरावा सांगाड्याचा. अमेरिकी कीबोर्डचं Enter एका ओळीत आडवं असतं आणि त्याच्या वर \ चं बटण असतं. ब्रिटिश सांगाड्यात Enter दोन ओळी व्यापतं, डावं Shift आखूड असतं आणि Shift व Z यांच्यामध्ये एक जादा बटण येतं. सवयीने करंगळी Shift वर टेकवायला जावी, तर ती या जादा बटणावर पडते आणि मजकुरात नको तिथे \ घुसतं. दिवसभर टाइप करणाऱ्याला हा त्रास मोठा आहे आणि कुठल्याही सेटिंगने तो जात नाही.

मग त्यांनी दुसरा निरोप पाठवला, तो असा:

‘आपल्याकडून घेतलेला कीबोर्ड जाहिरातीतल्या फोटोप्रमाणे नाही. फोटोत आडवं Enter आणि लांब डावं Shift आहे. आलेल्या कीबोर्डवर दोन ओळींचं Enter आहे आणि Shift व Z मध्ये जादा बटण आहे. शिवाय अवतरणचिन्ह दोन बटणांवर छापलेलं आहे आणि @ कुठेच नाही. अमेरिकी आणि ब्रिटिश दोन्ही सेटिंग लावून पाहिली. दोन्हींत छपाई जुळत नाही. पूर्ण कीबोर्डचा, खालच्या लेबलचा, खोक्यावरच्या मॉडेल क्रमांकाचा आणि जाहिरातीचा फोटो जोडला आहे. फोटोतल्या मांडणीचा कीबोर्ड पाठवा आणि पाठवण्यापूर्वी खोकं उघडून Enter चा आकार पाहा. तसा शिल्लक नसेल तर पूर्ण पैसे परत करा.’

खोकं उघडून पाहायला सांगणं मला विशेष महत्त्वाचं वाटतं. चूक एकाच नगाची नसून त्या खेपेचीच असेल, तर बदली म्हणून पुन्हा तसाच कीबोर्ड दारात येतो.

परतीचं कारण निवडतानाही जपावं लागतं. ‘बिघडलेली वस्तू’ निवडलं तर तपासणारा बटणं दाबून पाहील आणि चालतंय म्हणून परत घ्यायला नकार देऊ शकेल. कारण ‘वेगळीच वस्तू आली’ हेच द्यावं आणि तोवर बटणं उपसून इकडेतिकडे बसवू नयेत. काही विक्रेते बटणांवर चिकटवायचे स्टिकर देऊ करतात. स्टिकरने छपाई झाकली जाते, पण आखूड Shift लांब होत नाही; त्यामुळे तो तोडगा इथे स्वीकारू नये.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे जाहिरातीत दाखवलेल्या गुणवैशिष्ट्यांशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. तसं झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तिथेही हाच निरोप, हेच फोटो आणि विक्रेत्याचं ‘सेटिंग बदला’ हे उत्तर जोडून द्यावं.