पासबुकातले व्याज पडताळताना

पासबुकावर दर तीन महिन्यांनी व्याजाची एक ओळ छापून येते. रक्कम किरकोळ असते, म्हणून ती तपासायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. खरे तर त्यासाठी पासबुक आणि साधा कॅल्क्युलेटर एवढेच पुरते.

१ एप्रिल २०१० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बचत खात्याचे व्याज रोजच्या शिलकीवर काढले जाते. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरली जाई. मध्ये एक दिवस जरी पैसे काढले, तरी महिनाभराच्या व्याजाला फटका बसे.

आता रोज रात्री व्यवहार संपल्यावर खात्यात जे उरते, ते मोजले जाते. एक उदाहरण पाहू. समजा, वार्षिक दर २.५० टक्के आहे आणि १ जुलैला खात्यात ४०,००० रुपये आहेत. २१ जुलैला ५०,००० जमा झाले, ५ ऑगस्टला ६०,००० काढले. त्यानंतर सप्टेंबरअखेरपर्यंत व्यवहार नाही. म्हणजे ४०,००० रुपये २० दिवस राहिले, ९०,००० रुपये १५ दिवस आणि ३०,००० रुपये ५७ दिवस. एकूण दिवस ९२. तिमाहीचे दिवस जुळले.

प्रत्येक शिलकीला तिच्या दिवसांनी गुणले की ८,००,०००, १३,५०,००० आणि १७,१०,००० येतात. बेरीज ३८,६०,०००. तिला २.५ ने गुणून ३६,५०० ने भागायचे. उत्तर २६४.३८, म्हणजे पासबुकात २६४ रुपये दिसायला हवेत. जुन्या पद्धतीने हेच व्याज २०८ रुपये झाले असते.

पासबुकात २५२ रुपये दिसले तर? लगेच तक्रार करू नये. काही बँका तिमाही संपण्याआधी, २५ तारखेच्या सुमारास व्याज जमा करतात. हिशेब २४ सप्टेंबरपर्यंतच धरला असेल, तर शेवटच्या सहा दिवसांचे १२ रुपये पुढच्या हप्त्यात येतात. अशा बँकेत मोजणीही मागचे व्याज जिथे थांबले तिथून सुरू करावी. चेक भरल्याची तारीख आणि पैसे वटून आल्याची तारीख वेगळी असते, तिकडेही लक्ष हवे. तिमाहीत दर बदलला असेल, तर दोन्ही काळांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

तरीही फरक उरला, तर उलटे गणित करावे. मिळालेल्या व्याजाला ३६,५०० ने गुणून त्या बेरजेने भागले की प्रत्यक्ष दर कळतो. पासबुकात २११ रुपये असतील, तर तो दोन टक्क्यांच्या आसपास निघेल आणि चूक दरातच आहे हे उघड होईल. २०११ पासून बँका स्वतःचे दर ठरवतात, पण एक लाखापर्यंतच्या शिलकीला एका बँकेत एकच दर असावा लागतो.

हा हिशेब कागदावर मांडून शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.