वीजबिलाचा ताळेबंद (भाग 4) : मे महिन्यातल्या अर्ध्या तासाची किंमत

मागच्या भागात आपण बिलातला युनिटांचा हिशेब पाहिला. या आठवड्यात मागणी आकार आणि पॉवर फॅक्टर या दोन ओळी घेऊ. उच्चदाब जोडणीवरच्या हॉटेलांना, मॉलना आणि मोठ्या मंगल कार्यालयांना बचतीची सर्वात मोठी संधी याच दोन ओळींत असते, आणि बिल भरताना नेमक्या याच ओळींवर नजर ठरत नाही.

उदाहरणासाठी छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्यावर एक मध्यम आकाराचे हॉटेल आहे असे समजू. हॉटेल काल्पनिक आहे, पण त्याच्या बिलाची घडण या शहरातल्या कोणत्याही उच्चदाब वाणिज्यिक ग्राहकाला ओळखीची वाटेल. करार मागणी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट डिमांड, 350 केव्हीए. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो आणि लग्नसराईही ऐन भरात असते, तेव्हा नोंदली गेलेली कमाल मागणी 360 केव्हीए. डिसेंबरात वेरूळ-अजिंठ्याचे पर्यटक असतात, खोल्या भरलेल्या असतात, पण वातानुकूलन जवळजवळ बंद असते. तेव्हाची कमाल मागणी 210 केव्हीए. हिशेब सोपा राहावा म्हणून मागणी आकार दर केव्हीएला महिना 500 रुपये धरू. अलीकडच्या दरपत्रकांत तो याच्याच वर-खाली राहिला आहे. तुमचा नेमका दर तुमच्या बिलावर छापलेला असतो.

आधी मे महिन्याचे बिल. 360 केव्हीएचे 1,80,000 रुपये. करार मागणी 10 केव्हीएने ओलांडली, म्हणून त्या 10 केव्हीएवर दीडपट दराने आणखी 7,500 रुपये. मालक हे 7,500 पाहून हळहळतो आणि विषय तिथेच सोडतो. खरा खर्च पुढे आहे.

डिसेंबरचे बिल उघडले तर मागणी आकार 210 केव्हीएवर लागलेला नसतो, 270 वर लागलेला असतो. कारण बिलिंग डिमांड तीन आकड्यांतला सर्वात मोठा घेऊन ठरते. पहिला आकडा त्या महिन्याच्या प्रत्यक्ष कमाल मागणीचा. दुसरा, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वात मोठ्या बिलिंग डिमांडचे 75 टक्के, मात्र करार मागणीच्या मर्यादेत. तिसरा, करार मागणीचा ठरावीक टक्का. हा टक्का पूर्वी 50 होता, पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढवला गेला. आपण 75 धरू. आपल्या हॉटेलाचे हे आकडे अनुक्रमे 210, 270 आणि 262.5 येतात, म्हणून बिल 270 वर. न वापरलेल्या 60 केव्हीएचे महिन्याला 30,000 रुपये जातात. मे महिन्यातला तो एक उच्चांक पुढच्या एप्रिलपर्यंत बिलावर बसून राहतो.

हा उच्चांक घडतो कसा? कमाल मागणी म्हणजे क्षणाचा झटका नव्हे. मीटर तीस मिनिटांच्या ब्लॉकची सरासरी काढतो आणि महिन्यातला सर्वात मोठा ब्लॉक नोंदतो. त्यामुळे मोटर सुरू होताना घेते त्या करंटला फार घाबरण्याचे कारण नाही. दहा सेकंदांसाठी 100 किलोवॅट जास्त लागले, तरी अर्ध्या तासाच्या सरासरीत अर्ध्या किलोवॅटच्या आसपासच भर पडते. उच्चांक करतात ती अर्धा तास सलग एकत्र चालणारी यंत्रे. दुपारी वीज जाऊन तासाभराने परत येते, इमारत तापलेली असते, दोन्ही चिलर पूर्ण भाराने चालू लागतात. नेमका तो नळाला पाणी येण्याचा दिवस असतो. चार-सहा दिवसांनी आलेले पाणी हौदातून टाकीत चढवण्यासाठी पंप चालू असतात, आणि थांबलेली लॉन्ड्रीही तेव्हाच सुरू होते. मीटरमधला लोड सर्व्हे मागवून घेतला, तर उच्चांकाची तारीख आणि वेळ समोर येते. ती लॉगबुकाशी ताडून पाहिली की कोणती यंत्रे जबाबदार होती हे कळते. यातले पंप आणि लॉन्ड्री अर्धा तास मागे ढकलता येतात. 2020 आणि 2023 च्या दरपत्रकांत मागणी मोजण्याची वेळ सकाळी 6 ते रात्री 10 अशी आहे. सध्याच्या दरपत्रकात ती तशीच असेल, तर लॉन्ड्री रात्री दहानंतर नेणे सर्वात सोपे.

आता पॉवर फॅक्टर. मे महिन्याच्या त्या ब्लॉकमध्ये पॉवर फॅक्टर 0.86 होता. म्हणजे 360 केव्हीएतून प्रत्यक्ष काम करणारी शक्ती साधारण 310 किलोवॅट होती. पॉवर फॅक्टर 0.98 वर नेला, तर तेच 310 किलोवॅट 316 केव्हीएत भागतात. त्यासाठी उच्चांकाच्या वेळी सुमारे 120 केव्हीएआरचे कॅपॅसिटर लागतात. एकही दिवा न विझवता मागणी 44 केव्हीएने उतरते आणि करार मागणीच्या आत येते.

ऊर्जेच्या ओळीत फायदा याहून मोठा आहे. उच्चदाब ग्राहकांना 1 एप्रिल 2020 पासून केडब्ल्यूएचऐवजी केव्हीएएचवर बिल लागते. त्यामुळे पॉवर फॅक्टरच्या दंडाची वेगळी ओळ आता दिसत नाही, दंड युनिटांतच मिसळला आहे. हॉटेलाचा महिन्याचा वापर 80,000 केडब्ल्यूएच आणि सरासरी पॉवर फॅक्टर 0.90 असेल, तर बिल सुमारे 88,900 केव्हीएएचचे येते. पॉवर फॅक्टर 0.98 झाला की 81,600. दर 12 रुपये धरला तर महिन्याला 87,000 रुपयांच्या आसपास फरक पडतो, आणि तो पहिल्याच बिलापासून.

इथेच अनेक जण एक घाई करतात. 120 केव्हीएआरचे कॅपॅसिटर थेट बसबारला जोडतात आणि चोवीस तास चालू ठेवतात. मध्यरात्री हॉटेलाचा भार 40 किलोवॅट असतो आणि त्याला जेमतेम 24 केव्हीएआर लागतात. उरलेले 96 केव्हीएआर उलट दिशेने जाळ्यात जातात आणि पॉवर फॅक्टर लीडिंग होतो. रोज आठ तास हे चालले, तर महिन्याला सुमारे 23,000 आरकेव्हीएएच लीड नोंदले जातात. दिवसाचे लॅग साधारण 14,000. बऱ्याच जणांना वाटते की लॅग आणि लीड एकमेकांतून वजा होतील. महाराष्ट्रात सप्टेंबर 2018 च्या वीज नियामक आयोगाच्या आदेशापासून त्यांची बेरीज होते :

kVAh = √(kWh² + (RkVAh lag + RkVAh lead)²)

बेरीज 37,000 झाली की केव्हीएएच येतात 88,100 आणि पॉवर फॅक्टर 0.91. कॅपॅसिटरचा खर्च झाला आणि बिल जवळजवळ होते तिथेच राहिले. 2018 च्या आदेशानंतर राज्यातल्या अनेक ग्राहकांना अशीच अनपेक्षित बिले आली होती, कारण त्यांचे कॅपॅसिटर जुन्या हिशेबाने बसवलेले होते.

उपाय आहे भारानुसार कॅपॅसिटर आत-बाहेर करणारे एपीएफसी पॅनेल. त्यात मोठ्या पायऱ्यांबरोबर 5 केव्हीएआरसारख्या लहान पायऱ्याही हव्यात, नाहीतर रात्रीच्या भाराला पॅनेल एकतर कमी देते किंवा जास्त. त्याचा सीटी मुख्य इनकमरवर असा बसवावा की एकूण भार आणि कॅपॅसिटर दोन्ही त्याला दिसतील. सीटीची दिशा उलटी लागली, तर पॅनेल चुकीच्या पायऱ्या घेत राहते. लिफ्ट, व्हीएफडी आणि यूपीएस जास्त असतील, तर हार्मोनिक्समुळे साधे कॅपॅसिटर तापून निकामी होतात. तिथे डीट्यून्ड रिअॅक्टर लावावे लागतात. पॅनेल बसल्यावरही दर तिमाहीला क्लॅम्प मीटर लावावा. 440 व्होल्टच्या 25 केव्हीएआर कॅपॅसिटरला दर फेजला 31 ते 33 अँपिअर लागले पाहिजेत. आकडा 20 वर आला असेल, तर पॅनेलवर दिवा लागत असला तरी कॅपॅसिटर संपला आहे. बिलात खूण आणखी सोपी आहे : लीडचा आकडा वाढला तर रात्र तपासा, लॅगचा वाढला तर दिवस.

यापुढे प्रश्न क्रमाचा. पॅनेल जुलैत बसवले, तर युनिटांची बचत लगेच सुरू होते, पण मे महिन्यातले 360 पुढच्या एप्रिलपर्यंत 270 चा तळ धरून ठेवतात. तेच पॅनेल फेब्रुवारीत बसले, तर नव्या उन्हाळ्याचा उच्चांक 316 वर थांबतो आणि त्याचे 75 टक्के होतात 237. तरीही डिसेंबरचे बिल 262.5 वरच लागते, कारण आता तिसरा आकडा, 350 केव्हीएच्या करार मागणीचे 75 टक्के, वर येऊन बसतो. म्हणून पुढची पायरी करार मागणी उतरवण्याचा अर्ज. पॅनेल फेब्रुवारीत, मे महिन्यात निरीक्षण, आणि जूनमध्ये 320 केव्हीएसाठी अर्ज. मग डिसेंबरला बिल लागते 240 वर. आधीच्या 270 पेक्षा 30 केव्हीए कमी, म्हणजे महिन्याला 15,000 रुपये.

320 हा आकडा 316 च्या फार जवळ नाही का? एखाद्या मे महिन्यात 10 केव्हीए जास्त गेले, तर दीडपटीचा भुर्दंड 7,500 रुपये. त्या भीतीने करार मागणी 330 ठेवली, तर तळ 7.5 केव्हीएने वाढतो आणि थंडी-पावसाच्या प्रत्येक महिन्याला 3,750 रुपये जातात. असे दोन महिने गेले की भुर्दंडाएवढी रक्कम संपते. मात्र एका वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा मर्यादा ओलांडली, तर नियमांनुसार पुढची कारवाई होऊ शकते. हॉटेल वाढवण्याचा बेत असेल, तर उतरवलेली मागणी पुन्हा वाढवताना खर्च येऊ शकतो, हेही आधी विचारून घ्यावे.

ज्यांची जोडणी लघुदाबाची आणि 20 किलोवॅटच्या वर आहे, त्यांचे गणित वेगळे. 2023 च्या दरपत्रकात त्यांची बिलिंग डिमांड प्रत्यक्ष कमाल मागणीचे 65 टक्के किंवा करार मागणीचे 40 टक्के, यांतली मोठी असते. अकरा महिन्यांची अट त्यांना नाही, त्यामुळे एका महिन्याचा उच्चांक त्या महिन्यातच संपतो. त्यांनी ऊर्जेचा दर केडब्ल्यूएचला लागतो की केव्हीएएचला, एवढे बिलावर पाहून घ्यावे. केडब्ल्यूएच असेल, तर 0.90 च्या खालच्या पॉवर फॅक्टरचा दंड वेगळ्या ओळीत शोधावा.

पुढच्या शनिवारपर्यंत एवढे करा : गेल्या बारा महिन्यांची बिले काढा आणि प्रत्येकातून कमाल मागणी, बिलिंग डिमांड, आरकेव्हीएएच लॅग आणि आरकेव्हीएएच लीड हे चार आकडे एका तक्त्यात लिहा. पहिल्या दोन रकान्यांतला फरक जितक्या महिन्यांत दिसेल, तितके महिने तुम्ही न वापरलेल्या केव्हीएचे पैसे भरले आहेत. पुढच्या भागात वेळेनुसार बदलणारे दर घेऊ, त्यासाठीही हाच तक्ता लागेल.