आडवा व्हिडिओ उभा करताना नेमका ‘पॉइंट’च का कापला जातो?

कबड्डीचा सामना. तिघांनी चढाईपटूला खाली पाडलंय आणि तो पडल्या पडल्या मध्यरेषेकडे हात ताणतोय. बोटं रेषेला टेकली, तर तिघं बाद. नाही टेकली, तर तो बाद. मूळ आडव्या व्हिडिओत बोटं टेकलेली स्पष्ट दिसतात. पण त्याच व्हिडिओच्या रीलमध्ये फक्त झटापट दिसते. हात आणि रेषा दोन्ही फ्रेमच्या बाहेर. मग कमेंटमध्ये वाद सुरू होतो, ‘पंचांनी चुकीचा निर्णय दिला!’

पंचांचं काहीच चुकलेलं नसतं. चुकलेला असतो तो क्रॉप.

किती भाग कापला जातो?

नेहमीचा फुल एचडी व्हिडिओ 1920 पिक्सेल रुंद आणि 1080 पिक्सेल उंच असतो. पूर्ण उंची ठेवून त्यातून 9:16 ची उभी चौकट कापली, तर रुंदी उरते साधारण 607 पिक्सेल. म्हणजे मूळ दृश्याचा तिसऱ्या हिश्शापेक्षाही थोडा कमी भाग.

आता हे मैदानावर मोजून पाहा. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब असतं. बाजूला लावलेल्या कॅमेऱ्यात ही पूर्ण लांबी मावली असेल, तर उभ्या चौकटीत जेमतेम 4 मीटर येतात. मध्यरेषेपासून बोनस रेषा मात्र 4.75 मीटरवर असते. म्हणजे क्रॉप कितीही हुशारीने केला, तरी या दोन्ही रेषा एकत्र दिसणारच नाहीत.

सॉफ्टवेअर काय करतं?

प्रीमियर प्रोमध्ये यासाठी `Auto Reframe` आहे, तर डाविंची रिझॉल्व्हच्या स्टुडिओ आवृत्तीत `Smart Reframe`. अशी साधनं चित्रातले चेहरे, माणसं आणि हालचाल यांवरून मुख्य विषय कोणता, याचा अंदाज बांधतात आणि चौकट त्याच्यामागे सरकवतात. चौकट थरथरू नये म्हणून तिचा मार्ग गुळगुळीत केला जातो.

एकच माणूस बोलत असेल, तर हे छान जमतं. कबड्डीत मात्र तीन ठिकाणी गडबड होते.

पहिली, चुकीचा माणूस. चढाईपटू कॅमेऱ्याकडे पाठ करून असतो आणि मागे उभ्या पंचांचा चेहरा स्वच्छ दिसतो. चौकट पंचांकडे वळू शकते. दोघांच्या मधोमध रिकामी मॅट दिसत राहिली, तर सॉफ्टवेअरला कुणा एकाची निवड करता आलेली नाही, असं समजा.

दुसरी, उशीर. गुळगुळीत मार्गामुळे खेळाडूने अचानक उडी मारली की चौकट मागे पडते. खेळाडू कडेला चिकटलेला आणि त्याच्या पुढे जागाच नाही, ही त्याची खूण. प्रीमियरमध्ये `Faster Motion` निवडल्यावर उशीर कमी होतो, पण चौकट जास्त हलते.

तिसरी आणि सगळ्यात फसवी, माणूस बरोबर, प्रसंग गायब. सॉफ्टवेअर चढाईपटूला अचूक मध्यभागी ठेवतं. पण गुण ठरतो त्याच्या बोटांवर आणि एका रेषेवर. रेषेला ना चेहरा, ना हालचाल. त्यामुळे ती महत्त्वाची आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही. व्हिडिओ नीटनेटका दिसतो, म्हणून एडिटरलाही शंका येत नाही.

मग दुरुस्ती कशी करायची?

आधी मूळ व्हिडिओ पाहून निर्णायक क्षण लिहून ठेवा. समजा, 18 व्या सेकंदाला पकड होते आणि 21 व्या सेकंदाला बोटं टेकतात. प्रीमियरमध्ये आधी `Auto Reframe Sequence` चालवा. मग त्या क्लिपच्या `Effect Controls` मध्ये `Overwrite generated path` वर टिक करून या तीन सेकंदांतले आपोआप आलेले कीफ्रेम काढा. 18 व्या सेकंदाला चौकट झटापटीवर ठेवा आणि 20 व्या सेकंदापर्यंत मध्यरेषेकडे न्या. बोटं टेकण्याआधीच रेषा दिसायला हवी. खेळाडूचे पाय कापले गेले तरी चालतील.

कॅमेरा जवळ असेल, तर हेही पुरत नाही. अर्धं मैदानच फ्रेममध्ये असेल, तर उभ्या चौकटीत फक्त 2 मीटर मावतात. हात ताणून पडलेला माणूस त्याहून लांब भरतो. अशा वेळी तेवढ्या सेकंदांपुरतं पूर्ण आडवं दृश्य उभ्या स्क्रीनच्या मध्ये ठेवा. वर-खाली मोकळी जागा राहील, पण निकाल दिसेल. कोपऱ्यातला कापला गेलेला स्कोअर त्याच जागेत पुन्हा लिहिता येतो.

चित्रीकरण अजून व्हायचं असेल, तर 4के मध्ये करा. त्यातून कापलेली चौकट 1215 पिक्सेल रुंद असते, त्यामुळे 1080 पिक्सेलच्या रीलसाठी ती ताणावी लागत नाही. फुल एचडीमधली 607 पिक्सेलची चौकट मात्र पावणेदोन पटींहून जास्त ताणली जाते आणि बोटं-रेषा धूसर होतात.

पोस्ट करण्याआधी शेवटची तपासणी म्हणून सामना न पाहिलेल्या कुणाला तरी रील आवाज बंद करून दाखवा आणि विचारा, ‘कोण बाद झालं?’ उत्तर चुकलं, तर क्रॉप पुन्हा करा.