देवाची उपकरणी आणि भांडी धुण्याचे यंत्र

गणेशचतुर्थी तोंडावर आली की फडताळातील देवाची उपकरणी बाहेर निघतात. समई, ताम्हण, पळी-पंचपात्री, चांदीचे निरांजन अशा काळवंडलेल्या वस्तूंचा ढीग मोरीत पडतो आणि मग गृहिणीची दृष्टी सहजच स्वयंपाकघरातील डिशवॉशरकडे वळते. ही सारी उपकरणी त्यात घातली तर? आमचे उत्तर स्पष्ट आहे : घालू नयेत. मात्र त्याचे कारण सोवळ्या-ओवळ्यात नसून धातूंच्या स्वभावात आहे.

उपकरण्यांवरील मळ दोन प्रकारचा असतो. पहिला बाहेरून आलेला. म्हणजे तेलाचा राप, काजळी, गंध, कुंकू. दुसरा खुद्द धातूचाच. हवा आणि ओलावा यांच्या संगतीने तांब्या-पितळेच्या अंगावर काळपट पुट चढते. चांदी हवेतील गंधकामुळे काळी पडते. यंत्र पहिला मळ काढते, दुसरा काढीत नाही. उलट तो वाढविते. त्यातील भुकटी तीव्र क्षारयुक्त असते, पाणी पन्नास ते सत्तर अंशांपर्यंत तापते, आणि भांडी तास-दोन तास त्या वाफेत व पाण्यात राहतात. परिणामी तांब्याचे ताम्हण लखलखण्याऐवजी तपकिरी होऊन बाहेर येते. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. त्यातील जस्त वारंवारच्या अशा धुण्याने झिजून निघते व मागे तांबूस डाग उरतात. पिवळ्या समईवर गुलाबी छटा दिसू लागली, की हे ओळखावे. चांदी स्टीलच्या चमच्यांना टेकून धुतली गेल्यास तिच्यावर काळे ठिपके उमटतात, आणि ते सहजासहजी जात नाहीत. मुलामा दिलेल्या वस्तूचा तर मुलामाच उतरतो.

मग हाताने कसे करावे? समईचेच उदाहरण घेऊ. प्रथम तिचे आटे फिरवून भाग सुटे करावेत आणि तेल व काजळी जुन्या फडक्याने कोरडीच पुसून काढावी. नंतर कोमट साबणाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे ठेवून धुवावे. तेलाचा राप राहिला तर त्याखालच्या पुटापर्यंत आंबट पोहोचत नाही. चिंच लावूनही समई डागाळलेलीच राहते, ती त्यामुळे. लिंबाएवढी चिंच अर्धा तास कोमट पाण्यात भिजवून तिच्या कोळाने दोन-तीन मिनिटे चोळावे. आम्लात काळे पुट विरघळते व आतील पिवळेपण वर येते. तिथेच थांबून दोन पाण्यांनी धुवावे आणि सुती फडक्याने लगेच कोरडे करावे. आट्यांत ओल राहिली तर तेथे हिरवट कळंक धरतो. रात्रभर चिंचेत भिजत ठेवण्याचा मोह मात्र टाळावा; तेथेही जस्तच निघते व तीच गुलाबी छटा येते. ताम्हण व पळी यांनाही हीच रीत लागू पडते.

चांदीला चिंचेचा उपयोग नाही, कारण तिचा काळेपणा गंधकाचा असतो. रोजच्या निरांजनाला कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ फडके पुरते. फारच काळे झाले असल्यास काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियमचा पातळ कागद अंथरून त्यावर वस्तू टेकवून ठेवावी, एक लिटर कढत पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा विरघळवून ते ओतावे आणि पाच मिनिटे थांबावे. कुजल्यासारखा वास आला तर भिऊ नये. तो गंधक सुटल्याचा आहे. नक्षीच्या खाचांतील मुद्दाम काळा ठेवलेला रंग यात नाहीसा होतो. खडे बसविलेल्या किंवा आत लाख भरलेल्या वस्तूही अशा पाण्यात घालू नयेत. रांगोळीने घासण्याची जुनी सवय तर सोडावीच. ती चांदीवर ओरखडे पाडते. पंचामृताच्या कल्हईच्या वाटीला यंत्र नको आणि खरखरीत घासणीही नको, कारण दोहोंनी कल्हई जाते, आणि उघड्या पितळेत दही कळकते.

मनुस्मृतीतील द्रव्यशुद्धीचा विचार येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तांबे-पितळेला क्षार, आम्ल व पाणी यथायोग्य वापरावे, पण नक्षी नसलेल्या चांदीला केवळ पाणी पुरे, असे तेथे सांगितले आहे. प्रत्येक धातूला वेगळा उपाय हे त्याचे मर्म. यंत्राला तो भेद कळत नाही. ते सर्वांना एकच क्षार देते. तेव्हा नैवेद्याची स्टीलची ताटे आणि काचेच्या वाट्या खुशाल यंत्रात जाव्यात. समई, ताम्हण आणि निरांजन यांच्यासाठी मोरीजवळ तासभर बसावे, हेच बरे.