पाणी उडते, क्षार राहतो

आरओने बाहेर टाकलेले पाणी घाण नसते, त्यात क्षार वाढलेले असतात. किती वाढलेले? समजा, बोअरच्या पाण्याचा टीडीएस ९०० आहे. चार लिटर आत गेले आणि एक लिटर शुद्ध मिळाले, तर चारही लिटरांतले बहुतेक क्षार उरलेल्या तिनात येतात. टीडीएस होतो साधारण १२००. आपल्याकडे नळाला पेंचचे पाणी येत असेल तर आकडा बराच कमी असेल. म्हणून आधी मीटरने मोजायचे.

आता आपण विचारू, पाणी गेल्यावर क्षार कुठे राहतो? संडासात बादलीने ओतले तर तो वाहून जातो. तिथे हे पाणी खुशाल वापरावे. फ्लशच्या टाकीत मात्र भरू नये. झडपेच्या रबरावर पांढरा थर बसतो आणि टाकी गळत राहते. फरशीवर पांढुरके डाग राहिले, तर शेवटचा हात साध्या पाण्याने फिरवावा.

कुंडीचे तसे नाही. नागपूरच्या मे महिन्यात पाणी उडून जाते, क्षार तिथेच साचतो. मातीवर पांढरी पापडी दिसली, पानांची टोके करपली, की थांबायचे. पाचशेच्या आतले पाणी बहुतेक झाडांना चालते. हजाराच्या वरचे कुंडीला नकोच. निम्मे साधे पाणी मिसळा म्हणतात, पण ते साधे पाणी त्याच बोअरचे असेल तर काय साधणार? पावसाचे मिसळले तर गोष्ट वेगळी.

आणखी एक. आपल्या काळ्या मातीत सोडियम वाढले की ती चिकट होते, पाणी मुरत नाही. टीडीएसच्या मीटरवर हे सोडियम वेगळे दिसत नाही. पाणी वर साचून राहू लागले की कळते.