उपाशी पिल्लाचे पहिले बारा तास

उंदराचं पिल्लू जन्मतं, नाळ तुटते आणि आईच्या रक्तातून अखंड येणारं अन्न त्या क्षणी थांबतं. पहिलं दूध पोटात जायला काही वेळ जातो. पिल्लाच्या अंगावर चरबी जवळजवळ नसतेच, आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा झपाट्यानं उतरत असतो. हा मधला काळ ते कशावर काढतं?

२००४ साली जपानमध्ये अकिको कुमा, नोबोरू मिझुशिमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. जन्मानंतर तीन ते बारा तास पिल्लाच्या हृदयात, श्वासपटलात आणि फुप्फुसात पेशींनी स्वतःच्याच पेशीद्रवाचे घास घ्यायला सुरुवात केलेली त्यांना दिसली. एकदोन दिवसांत दूध नियमित मिळू लागल्यावर हे पुन्हा शांत झालं. या क्रियेला ऑटोफॅजी म्हणतात. मराठीत आपण तिला स्वभक्षण म्हणू.

मग त्यांनी स्वभक्षणासाठी लागणारं एटीजी५ हे जनुकच नसलेली पिल्लं घेतली. जन्मताना ती दिसायला जवळपास इतरांसारखीच होती. दुधाचा फरक मध्ये येऊ नये म्हणून दोन्ही प्रकारची पिल्लं शस्त्रक्रियेनं जन्माला आणून उपाशी ठेवली. साधी पिल्लं सुमारे २१ तास जगली, एटीजी५ नसलेली सुमारे १२ तास. त्यांच्या रक्तात आणि ऊतींमध्ये अमिनो आम्लं कमी पडलेली होती आणि ऊर्जा आटल्याच्या खुणा दिसत होत्या. जबरदस्तीनं दूध पाजल्यावर त्यांचं आयुष्य थोडं लांबलं. उपासमारीत स्वभक्षण काय करतं, या प्रश्नाला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. टप्पे पाठ करण्याआधी हे नऊ तास डोक्यात बसवावेत, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्याचं काम हे नऊ तास मिळवून देणं हेच आहे.

शाळेत लयकारिकांना, म्हणजे लायसोझोमना, आपण ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणायला शिकतो. पेशी मरते तेव्हा लयकारिका फुटतात आणि आतले विकर तिला पचवतात, असं ते चित्र. उपासमारीतल्या स्वभक्षणाला हे चित्र लावलं की उत्तर चुकतं. इथे लयकारिका फुटत नाही. पेशीतला माल तिच्यापर्यंत बंद डब्यातून आणला जातो, आत पचतो आणि त्याचे सुटे भाग पेशीला परत मिळतात. हेतू जगण्याचा आहे. लयकारिका शोधणारे बेल्जियमचे क्रिस्तियां द द्यूव यांनीच १९६३ साली ऑटोफॅजी हा शब्द दिला.

आता टप्पे, पण ते त्या पिल्लाच्या हृदयातल्या एका पेशीत पाहू.

पहिला टप्पा म्हणजे सुरुवातीचा इशारा. पेशीत एमटॉर संकुल १ नावाचं एक प्रथिन-संकुल असतं. अमिनो आम्लं भरपूर असली की ते लयकारिकेच्या पृष्ठभागावर येऊन बसतं आणि जागं राहतं. जागं असताना ते यूएलके१ या विकराला दाबून ठेवतं, आणि यूएलके१ दबलेलं असलं की स्वभक्षण बंद. नाळ तुटली, अमिनो आम्लं घटली, इन्सुलिन उतरलं की एमटॉरचा दाब सुटतो. ऊर्जा कमी पडली तर एएमपीके नावाचं दुसरं विकर यूएलके१ला आणखी चालना देतं. हा कळीचा मुद्दा विद्यार्थी बरेचदा उलटा लिहितात. एमटॉर स्वभक्षण रोखतो आणि उपासमार त्या रोखणाऱ्याला रोखते. रॅपामायसिन हे औषध एमटॉरला अडवतं, म्हणून पेशी पोटभर असतानाही ते स्वभक्षण सुरू करू शकतं.

दुसरा टप्पा पडद्याच्या जन्माचा. यूएलके१ सुटला की तो बेक्लिन १ असलेल्या एका संकुलाला कामाला लावतो. त्या संकुलातलं व्हीपीएस३४ हे विकर आंतर्द्रव्यजालिकेच्या एका ठिकाणी एक विशिष्ट मेद तयार करतं. हा मेद म्हणजे ‘इथे बांधकाम करा’ अशी खूण. पुढची प्रथिनं त्या खुणेला येऊन चिकटतात आणि एक चपटा, दुहेरी पडद्याचा कप दिसू लागतो. त्याला फॅगोफोर म्हणतात. एटीजी९ असलेल्या छोट्या पिशव्या पहिला पडदा पुरवतात, आणि एटीजी२ आंतर्द्रव्यजालिकेतून मेद ओढून कप वाढवत नेतं.

तिसऱ्या टप्प्यात कप लांबत जातो, आणि आपल्या पिल्लांची कथा इथेच अडली होती. कप वाढून बंद होण्यासाठी एलसी३ नावाचं छोटं प्रथिन पडद्यातल्या एका मेदाला जोडावं लागतं. ते जोडणाऱ्या यंत्रणेत एटीजी५ हा अत्यावश्यक भाग आहे. तो एटीजी१२शी जोडला जातो, सोबत एटीजी१६एल१ येतं, आणि हे त्रिकूट एलसी३ला नेमक्या पडद्यावर बसवतं. मोकळ्या एलसी३ला एलसी३-एक म्हणतात, पडद्याला जोडलेल्याला एलसी३-दोन. एटीजी५ नसेल तर इशारा मिळतो, खूणही पडते, पण डबा नीट तयार होत नाही. म्हणून त्या पिल्लांना उपासमार कळत होती, तरी स्वतःच्या साठ्यातलं काही काढता येत नव्हतं.

कप बंद झाला की दुहेरी पडद्याचा गोल तयार होतो. त्याला ऑटोफॅगोसोम म्हणतात. त्याचा व्यास साधारण अर्धा ते दीड मायक्रोमीटर, म्हणजे एखाद्या जिवाणूएवढा. आत पेशीद्रव, प्रथिनं, रायबोसोम, कधी एखादी तंतुकणिका. उपासमारीत ही उचल बरीचशी सरसकट असते, पण सगळं सारख्या प्रमाणात जात नाही. उपाशी पेशीतल्या तंतुकणिका एकमेकींना जुळून लांब होतात, त्यामुळे त्या डब्यात सहज मावत नाहीत आणि वाचतात. ऊर्जा बनवणारी यंत्रंच खाऊन टाकणं पेशीला परवडणारं नसतं, हे लक्षात घेतलं की ही गोष्ट विसरत नाही.

पुढचा टप्पा जोडणीचा. ऑटोफॅगोसोम लयकारिकेकडे नेला जातो आणि सिंटॅक्सिन १७सारख्या प्रथिनांच्या मदतीनं त्याचा बाहेरचा पडदा लयकारिकेच्या पडद्यात मिसळतो. बाहेरचाच पडदा मिसळतो, हे आकृतीत नीट दाखवा. आतला पडदा मालासकट लयकारिकेत जातो आणि मालाबरोबर पचतो. या जोडीला ऑटोलायसोसोम म्हणतात. आतलं आम्लपण साधारण पीएच ४.५ ते ५ इतकं असतं, आणि तिथले विकर त्या आम्लातच नीट चालतात.

शेवटी सुटे झालेले अमिनो आम्लांचे रेणू लयकारिकेच्या पडद्यातून पेशीद्रवात परत येतात. उपासमारीत त्यांची तीन कामं होतात. काही जाळून ऊर्जा मिळते. यकृतात काहींपासून ग्लुकोज बनतं, ते रक्तातून मेंदूला पोचतं. काही वापरून पेशी त्या घडीला लागणारी नवी प्रथिनं घडवते. प्रौढ उंदरांमध्ये एटीजी७ हे दुसरं आवश्यक जनुक बंद करून त्यांना उपाशी ठेवलं, तेव्हा एका दिवसाच्या आत ती रक्तातली साखर घसरून मेली. परतलेली अमिनो आम्लं एमटॉरला पुन्हा जागं करतात, आणि स्वभक्षण स्वतःच स्वतःला आवरतं. हा आवर नसता तर पेशी खात खात संपली असती.

हे टप्पे मोजतात कसे, हा प्रश्न वरच्या वर्गांच्या परीक्षेत हमखास फसवतो. समजा, पेशींवर क्लोरोक्विन घातलं आणि एलसी३-दोन वाढलेलं दिसलं. स्वभक्षण वाढलं का? क्लोरोक्विन लयकारिकेचं काम अडवतं, म्हणून डबे तयार होतात पण रिकामे होत नाहीत आणि साठतात. रस्त्यावर गाड्या वाढलेल्या दिसल्या, पण पुढे नाका बंद होता, तसं हे. म्हणून चार नमुने लागतात: पोटभर आणि उपाशी, प्रत्येकी क्लोरोक्विनशिवाय आणि क्लोरोक्विनसह. समजा, पोटभर पेशींत एलसी३-दोन १ होतं, क्लोरोक्विनसह २ झालं. उपाशी पेशींत ते २ होतं, क्लोरोक्विनसह ६ झालं. पोटभर असताना फरक १, उपाशी असताना ४. हा फरक म्हणजे लयकारिकेत पोचून नष्ट झालेला माल, म्हणजे खरा प्रवाह. या उदाहरणात उपासमारीनं तो चौपट केला. क्लोरोक्विन घालूनही उपाशी नमुना २ वरच राहिला असता, तर अर्थ उलट निघाला असता: डबे साठलेत, प्रवाह अडलाय.

यीस्टमध्ये योशिनोरी ओसुमी यांनी नेमकी हीच युक्ती वापरली. टोकियोत १९८८ साली स्वतःची प्रयोगशाळा सुरू केल्यावर त्यांनी रिक्तिकेतले प्रथिन पचवणारे विकर नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं. यीस्टची रिक्तिका लयकारिकेचं काम करते. पचनच बंद असल्यानं काही तासांत रिक्तिका न पचलेल्या गोळ्यांनी भरून गेली, आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. हे साठणं ज्या यीस्टमध्ये होत नाही ती शोधत त्यांच्या गटानं १९९३ साली १५ जनुकांची यादी दिली. एटीजी५ त्या कुळातलंच. २०१६चं नोबेल त्यांना एकट्याला मिळालं.

पिल्लांच्या प्रयोगाला एक मर्यादा आहे, ती उत्तरात लिहिली तर परीक्षकाला तुमची समज दिसेल. एटीजी५ नसलेली पिल्लं दूधही नीट ओढत नाहीत. २०१६ साली मिझुशिमांच्याच गटानं अशा पिल्लांच्या फक्त चेतापेशींत एटीजी५ परत दिलं, तेव्हा ती जन्मानंतरच्या त्या संकटातून वाचली. म्हणजे आईजवळ असताना ती एका दिवसात मरतात, त्यामागे दूध न ओढता येणं हे मोठं कारण होतं. पण १२ आणि २१ तासांच्या प्रयोगात दोन्ही गट उपाशीच होते, त्यामुळे तो फरक दुधाच्या नावावर टाकता येत नाही.

एकादशीचा उपास केला की अमुक तासांनी ऑटोफॅजी सुरू होते, असे तक्ते हल्ली सगळीकडे फिरतात. हे तास बहुतेक उंदरांवरून उचललेले असतात. चोवीस तास उपाशी राहिलेला उंदीर वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त गमावतो. माणसाचं एका दिवसात असं काही होत नाही. शिवाय साबुदाण्याच्या खिचडीनंतर इन्सुलिन चढतं, आणि इन्सुलिन एमटॉरला जागं ठेवतं. जिवंत माणसाच्या यकृतातला स्वभक्षणाचा प्रवाह थेट मोजण्याची सोय अजून नाही. तेव्हा उत्तरपत्रिकेत तासांचा आकडा लिहाल, तर तो कोणत्या प्राण्याचा आहे हेही त्याच ओळीत लिहा.